सरासरीची रेघ शेतकऱ्याला लावू नका

भाऊ, विदर्भाच्या 11 जिल्ह्यांत किती टक्के घरांकडे विहीर आणि शेतकऱ्यांवर सरासरी कर्ज किती, हे आलेखावर मांडून तुम्ही रेघ काढली, ते ठीक. पण 'विहीर असलेल्या शेतकऱ्यावर कर्ज जास्त' हे वाक्य आधी खोडा. सुरुवातीला सगळ्यांची चूक इथेच होते.

कल्पित आकडे घेऊ. 'अ' जिल्ह्यात 20 टक्के घरांकडे विहीर आणि सरासरी कर्ज 52 हजार. 'ब' मध्ये 60 टक्के आणि 76 हजार. 40 टक्क्यांना 24 हजार वाढले, तर 100 टक्क्यांना 60 हजार. म्हणजे ही रेघ सांगते की विहीरवाल्यावर 60 हजार जास्त.

आता घरोघरी जाऊ. 'अ' मध्ये विहीरवाल्यावर 40, बिनविहिरीच्यावर 55 हजार. 'ब' मध्ये 70 आणि 85. सरासऱ्या मांडून बघा, त्याच येतात! पण दोन्हीकडे विहीरवाल्यावर 15 हजार कमीच आहे. 'ब' संत्र्याचा पट्टा असेल, तिथे सगळ्यांनाच मोठं कर्ज मिळत असेल. तो जिल्ह्याचा फरक तुमच्या रेघेने विहिरीच्या नावावर टाकला.

समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सनने 1950 मध्ये अमेरिकेच्या जनगणनेवर हेच दाखवलं होतं. परदेशात जन्मलेले जास्त त्या राज्यांत निरक्षरता कमी, पण माणसागणिक पाहिलं तर परदेशात जन्मलेल्यांतच ती थोडी जास्त.

सध्या दोनच गोष्टी करा:
- घरनिहाय माहिती मिळाली तर प्रत्येक जिल्ह्याची रेघ वेगळी काढा.
- नाही मिळाली तर वाक्य जिल्ह्याबद्दलच लिहा: 'विहिरी जास्त असलेल्या जिल्ह्यांत सरासरी कर्ज जास्त.'

जिल्ह्यांऐवजी तालुके घेतले की बिंदू वाढतात, पण हा दोष जात नाही. घर आणि जिल्हा दोन्ही स्तर एकत्र धरणारं बहुस्तरीय मॉडेल नंतर बघू.