चुकांची यादी कशी करायची

बाळा,

‘तरंग मला जमतच नाहीत’ असं तू पेपरच्या वर लिहून ठेवलंस. मी पेपर पुन्हा पाहिला. तुझे बरेचसे मार्क एकाच गणितात गेलेत, म्हणून आधी तेच घेऊ.

y = 2 sin(4πx − 200πt). x मीटरमध्ये, t सेकंदात, पण y सेंटिमीटरमध्ये. विचारलाय कणाचा कमाल वेग. तू ω ला k ने भागलंस, 200π भागिले 4π, आणि 50 मी/से लिहिलंस. भागाकार बरोबर, पण तो वेग तरंगाचा. दोरीवरचा कण जागच्या जागी वरखाली होतो, त्याचा कमाल वेग Aω. घरी दुरुस्त करताना हे तुला आठवलं, पण A म्हणून सरळ 2 घेतलास आणि उत्तर आलं 400π, म्हणजे सुमारे 1257 मी/से. हवेत आवाजसुद्धा साधारण 340 ने जातो. दोरीचा कण त्याच्या जवळजवळ चौपट वेगाने हलतोय, हे खटकायला हवं होतं. A = 0.02 मी घेतलं की उत्तर 4π, सुमारे 12.6 मी/से.

दोन्हींपुढे तू ‘सिली मिस्टेक’ लिहिलंस. तो शेरा खोडून टाक, त्यातून पुढच्या वेळी काय करायचं ते कळत नाही. पहिली चूक प्रश्न वाचताना झाली, दुसरी एककात. यादीत त्या प्रश्न म्हणून लिही आणि तो कधी विचारायचा तेही लिही. सूत्र लिहिण्याआधी: ‘वेग कोणाचा, तरंगाचा की कणाचा?’ समीकरण उतरवताना: ‘x आणि y चं एकक एकच आहे का?’ ‘नीट वाचणे’ असलं काही लिहू नकोस. परीक्षेत घाई झाली की तसल्या ओळीवरून नजर घसरते.

बंद नळीचं गणित मात्र वेगळं आहे. 25 सेंमी नळी, आवाजाचा वेग 340 मी/से, आणि तू मूलभूत वारंवारता 680 काढलीस, कारण λ = 2L घेतलंस. ते दोन्ही टोकं उघडी असलेल्या नळीचं. इथे प्रश्न पुरणार नाही, यादीत कृती लिही: ‘आधी आकृती काढ, बंद टोकाला निस्पंद, उघड्या टोकाला प्रस्पंद.’ आकृतीत पाव तरंग दिसतो, म्हणून λ = 4L = 1 मी आणि वारंवारता 340 हर्ट्झ (टोकाची दुरुस्ती सोडून). पुढची 1020, कारण बंद नळीत फक्त विषम पटी येतात. ही आकृती न बघता काढता येत नसेल, तर यादी बाजूला ठेव आणि तेवढा भाग पुन्हा शिकून घे.

यादी पाच-सहा ओळींपुढे वाढू देऊ नकोस. सलग काही पेपरांत एखादी चूक झाली नाही, तर ती ओळ खोड, नवीला जागा होईल.

रविवारी येताना डॉपलरची चुकलेली गणितं आण. त्यात चिन्हांचा गोंधळ दिसतोय, पण ओळ तू स्वतः लिहून आण, मग बघू.

— सर