रजिस्टर्ड पार्सल हरवलं, भरपाईसाठी पोस्टाला पत्र कसं लिहायचं?

प्रश्न: रजिस्टर पार्सल हरवलंय. पावती आहे, ट्रॅकिंगही आहे. भरपाईच्या पत्रात काय लिहू? वस्तूची पूर्ण किंमत मिळेल का?

विमा काढला नसेल तर किंमत विसरा. विमा नसलेल्या देशांतर्गत रजिस्टर पार्सलला पोस्टाची भरपाई १०० रुपये. मीही २०१८ साली हेच १०० रुपये घेऊन बसले.

वडिलांचा पितळी पानाचा डबा मी साताऱ्याहून नागपूरला दादाकडे पाठवला होता. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "विमा काढायचाय?" मी तिथूनच दादाला फोन लावला. "घरच्या डब्याला कसला विमा?" असं तो म्हणाला. हे तो आज साफ नाकारतो, पण मला स्वच्छ आठवतंय. ट्रॅकिंगवर पार्सल एका ठिकाणी पिशवीत भरल्याची नोंद झाली आणि पुढे काहीच नाही. मग दादासाहेबांनी स्वतः पत्र लिहिलं: दोन पानं, मानसिक त्रास, पन्नास हजार, कोर्टात खेचतो. त्यात पार्सलचा नंबर मात्र नव्हता! उत्तर आलं, "पावतीची प्रत जोडावी." तोवर माझ्या पर्समधली पावती पांढरी पडली होती. त्या कागदावरची शाई उडते हो, आजच झेरॉक्स काढून ठेवा.

दुसरं पत्र मी लिहिलं, एकाच पानाचं, विभागाच्या डाक अधीक्षकांना. तुम्हीही तसंच लिहा: तेरा अक्षरी नंबर, कुठून कधी पाठवलं, वजन, भरलेले पैसे, दोन्ही पत्ते. मग "अमुक तारखेला अमुक कार्यालयात शेवटची नोंद, त्यानंतर नाही" हे एक वाक्य. ट्रॅकिंगचं पान छापून जोडा, कारण शोध त्या नोंदीपासूनच सुरू होतो. आत काय होतं ते खुणेसकट लिहा. वेष्टन फाटून पत्ता गेला की पार्सल 'रिटर्न्ड लेटर ऑफिस'ला जातं, तिथे ओळख पटते ती वजनावरून आणि खुणेवरून. आमच्या डब्याच्या झाकणावर पोचा होता, मी तोही लिहिला. शेवटी मागणी करा: शोध घ्या, नाही सापडलं तर नियमानुसार भरपाई द्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

डबा सापडला नाही. पण माझ्या पत्रावर निदान चौकशी तरी झाली. दादाचं मत, त्याच्या धमकीमुळे झाली. झाली असेल बापडी! टपाल कायदा हरवण्याच्या जबाबदारीतून खात्याला बऱ्यापैकी सोडवतो, कुणी मुद्दाम किंवा लबाडीने केलं असेल तर गोष्ट वेगळी. ते सिद्ध करायला पुरावा लागतो, आवाज नाही.

हां, एक राहिलंच. २०२५ मध्ये रजिस्टर सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, त्यामुळे पावतीवर नक्की काय छापलंय ते बघा. स्पीड पोस्ट असेल तर नियम निराळा: भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यातली कमी असेल ती रक्कम. विमा काढला असेल तर मात्र विम्याच्या रकमेच्या मर्यादेत झालेलं नुकसान मागता येतं. त्या खिडकीवरच्या बाई मला हेच सांगत होत्या, दादा.