सेफॅलोस्पोरिनच्या पाच पिढ्या: माझी कविता घे, पण दोन ठिकाणी थांब

अरे, तक्ता घोकत बसू नकोस, हे म्हण:

पहिलीत झोलिन, लेक्सिन, कातडीवरचा स्टॅफ टिपीन
दुसरीत फ्युरॉक्सिम येई, हिमोफिलस पळून जाई
तिसरीत ट्रायाक्सोन, टॅझिडिम, ग्रॅम निगेटिव्हची मोडे टीम
चौथी सेफेपिम दोन्ही राखी, स्यूडोमोनासही न सोडी बाकी
पाचवी सेफ्टारोलिन आली, एमआरएसएची सद्दी गेली
लिस्टेरिया, एन्टेरोकोकस उरती, पहिल्या चार पिढ्या तिथे हरती

आता पहिली थांबायची जागा तिसरी ओळ, कारण दोन्ही नावं एका दमात येतात पण स्वभाव वेगळा, सेफ्ट्रायाक्सोन न्यूमोकोकसवर भारी पण स्यूडोमोनासवर चालत नाही, सेफ्टाझिडिम स्यूडोमोनासवर चालतं पण स्टॅफवर कमजोर. मी वहीत टॅझिडिमखाली हिरवी रेघ मारली होती, स्यूडोमोनासचा पू हिरवट असतो ना, म्हणून.

दुसरी जागा पाचवी ओळ. पिढी वाढली म्हणजे मागचं सगळं प्लस नवीन असं वाटतं, तसं नाहीये, सेफ्टारोलिन स्यूडोमोनासवर चालत नाही.

आणि शेवटची ओळ गाळू नकोस हं! समज व्हायवात 65 वर्षांचे आजोबा दिले, ताप, मान आखडलेली, मेनिंजायटिसचा संशय. सेफ्ट्रायाक्सोन आणि व्हॅन्कोमायसिन बोलून गप्प बसलास तर लिस्टेरिया सुटला, पन्नाशीपुढे त्याच्यासाठी अ‍ॅम्पिसिलिन जोडावं लागतं. नवजात बाळालाही अ‍ॅम्पिसिलिन लागतंच, पण तिथे जोडीला सेफोटॅक्सिम सांग, सेफ्ट्रायाक्सोनने बिलिरुबिन अल्ब्युमिनवरून सुटतं आणि ते मेंदूत जाऊन कर्निक्टेरस व्हायचा धोका वाढतो.