माईक किंवा प्रोजेक्टर मध्येच बंद पडला तर हाताशी ठेवायची दोन वाक्यं

प्रश्न: पुढच्या आठवड्यात माझं तीस मिनिटांचं भाषण आहे. मध्येच माईक किंवा प्रोजेक्टर बंद पडला तर त्या क्षणी काय बोलायचं, काय करायचं, हे आधी ठरवून ठेवता येतं का?

उत्तर:

येतं. फक्त माईकसाठी एक वाक्य आणि प्रोजेक्टरसाठी दुसरं, असं ठेवा. प्रोजेक्टर गेला तरी तुम्ही लोकांना ऐकू येत असता. माईक गेला की तुमचं पाठ केलेलं वाक्यही मागच्या रांगांपर्यंत पोचत नाही, त्यामुळे तिथे आधी हालचाल आणि मग वाक्य.

प्रोजेक्टरचं वाक्य असं असू द्या: "चित्र येईपर्यंत हे मी तोंडी सांगतो, तीनच आकडे लक्षात ठेवा." पहिल्या भागातून लोकांना कळतं की भाषण चालूच आहे. दुसऱ्या भागाने त्यांना लगेच काहीतरी काम मिळतं, म्हणून नजर वायरवर न जाता तुमच्यावर राहते. "सॉरी, एक मिनिट हं, बघतो काय झालं" हे अगदी तोंडावर येतं, आणि तेच टाळायचं. ते म्हणताना तुम्ही पाठ फिरवता, आणि एका मिनिटाची चार मिनिटं झाली की सगळं सभागृह घड्याळ बघायला लागतं. वाक्यात वेळेचं आश्वासन नको, माफी नको, आणि ऑपरेटरवर खापर तर नकोच.

वाक्याचा दुसरा भाग स्लाइडनुसार बदलतो, आणि ऐनवेळी तो सुचत नाही. म्हणून A4 कागदावर प्रत्येक स्लाइडचा क्रमांक आणि तिच्यातलं एकच मुख्य वाक्य लिहून काढा. समोर एक खूण करा: तोंडी सांगायची, फळ्यावर काढायची, किंवा सरळ गाळायची. अक्षर मोठं ठेवा, कारण सभागृहात अंधार असू शकतो. हे टिपण लॅपटॉपवर ठेवू नका, कदाचित तोच अडकलेला असेल. फोनही नको, ऐनवेळी त्याची स्क्रीन लॉक झालेली असते.

एक उदाहरण घेऊ. विषय आहे छतावरच्या पावसाच्या पाण्याची साठवण, १८ स्लाइड, ३० मिनिटं. अकराव्या मिनिटाला सातव्या स्लाइडवर पडदा काळा झाला. त्या स्लाइडवर महिन्यागणिक पाऊस आणि पाण्याचा आलेख होता. आलेखाचं वर्णन तोंडी करायला गेलात तर कुणालाच काही दिसणार नाही. कागदावर मात्र त्यातले तीन आकडे लिहिलेले आहेत: १, १०००, ८००. ते असे सांगायचे: "एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. छत शंभर चौरस मीटर असेल, तर दहा मिलिमीटर पावसात हजार लिटर. त्यातलं थोडं वाया जातं, पहिलं मातकट पाणी सोडून द्यावं लागतं, म्हणून पक्क्या छताला हिशेब आठशेचा धरा." सावकाश बोललात तर अर्धं मिनिट सहज जातं, आणि ऐकणारा आपल्या घराचा हिशेब मनात करायला लागतो.

उरल्या ११ स्लाइड आणि १९ मिनिटं. खुणांप्रमाणे चार तोंडी सांगायच्या, दोन फळ्यावर (पाइप, गाळणी, टाकी एवढंच), आणि फोटोंच्या पाच गाळायच्या. भाषण चार-पाच मिनिटं लवकर संपेल. तो वेळ प्रश्नांना द्या. गाळलेल्या फोटोंची वर्णनं करून तो भरू नका.

हे चालू असताना लॅपटॉपला हात लावणारा माणूस दुसरा हवा, आणि त्याचं नाव आधी ठरलेलं हवं. त्याने पहिल्यांदा पडद्याकडे बघायचं. पडदा नुसता काळा आहे आणि प्रोजेक्टरचा दिवा-पंखा चालू आहे, तर बहुधा पॉवरपॉइंटमध्ये चुकून B दाबला गेलाय किंवा रिमोटवरचं पडदा काळा करायचं बटण. पुन्हा तेच दाबलं की चित्र येतं. पडद्यावर No Signal दिसत असेल तर दोन्ही टोकांची केबल आणि मधला अडॅप्टर काढून परत बसवायचा, लॅपटॉप झोपलाय का ते बघायचं, आणि विंडोज असेल तर Windows + P दाबून Duplicate निवडायचं. प्रोजेक्टरच विझला असेल तर वीज गेली आहे किंवा यंत्र तापलंय. जुन्या, बल्बच्या प्रोजेक्टरला गार झाल्याशिवाय पुन्हा पेटता येत नाही, तिथे बटण दाबत बसण्यात अर्थ नाही.

दोन मिनिटांत जमलं नाही तर त्याने हाताने "नाही" अशी खूण करून खाली बसायचं. कुणी वायरींशी झटापट करत असेल तर लोक तेच बघत राहतात. चित्र परत आलं तर सातव्या स्लाइडवर मागे जाऊ नका. स्लाइड शो चालू असताना, तुम्ही जिथपर्यंत पोचलात तो क्रमांक टाइप करून Enter दाबला की थेट ती स्लाइड उघडते.

आता माईक. आवाज गेला की आधी थांबा. बोलत राहिलात तर ती दोन वाक्यं अर्ध्या लोकांपुरती कायमची गेली. मग मधल्या वाटेने आत चालत या आणि तिथून म्हणा: "माईक बंद आहे. पुढे जागा आहे, या, मी थांबतो." "मागे ऐकू येतंय का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना तोही ऐकू येत नाही. शेवटच्या रांगेत एक ओळखीचा माणूस बसवा आणि त्याची हाताची खूण बघा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. बंद सभागृहात फरक याहून कमी पडतो, तरी घसा ताणण्यापेक्षा चार पावलं चालणं बरं.

मराठीत बोलताना आणखी एक जपा. आपलं क्रियापद आणि "नाही" वाक्याच्या शेवटी येतं, आणि दम नेमका तिथेच संपतो. "हे पाणी गाळल्याशिवाय टाकीत सोडायचं नाही" यातला "नाही" विरला की मागच्या रांगेला बरोबर उलटा सल्ला मिळतो. वाक्यं लहान करा, शेवटचा शब्द पूर्ण उच्चारा, मग श्वास घ्या.

कॉलर माईक असेल तर ट्रान्समीटरवरचा दिवा बघा. दिवा विझलाय म्हणजे सेल किंवा स्विच. दिवा चालू आहे तर म्यूट दाबला गेलाय किंवा दोष पुढे, रिसीव्हर-मिक्सरकडे. फुंकर मारू नका, टिचक्या मारू नका. आवाज अचानक परत आला तर स्पीकरमधून दणका बसतो. नवे सेल घालूनच सुरुवात करा आणि हातात धरायचा दुसरा माईक पोडियमवर चालू स्थितीत ठेवायला सांगा, मिक्सरवाला फक्त त्याचा आवाज उघडेल. कानाला हात लावला की दुसरा माईक उघडायचा, अशी खूण त्याच्याशी ठरवून घ्या.

याला मर्यादा आहे. चाळीस-पन्नास लोकांच्या खोलीत उघड्या आवाजावर भागतं. दोनशेच्या सभागृहात, किंवा लोक ऑनलाइन ऐकत असतील तर, भागत नाही. ऑनलाइन लोकांना तुमचे फक्त ओठ हलताना दिसतात. तिथे वाक्य बदला: "पाच मिनिटं थांबू, तोवर शेजाऱ्याशी आपापल्या छताचा हिशेब करा." ऑनलाइन मंडळींना तेच लिहून पाठवण्याचं काम मदतनिसाकडे द्या.

सराव करताना मित्राला सांगा, की त्याने तुम्हाला आधी न कळवता दोनदा केबल उपटावी, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटाकडे. केबल निघाल्यापासून विषयाचं पुढचं वाक्य तोंडातून यायला किती सेकंद लागले ते मोजा. दहाच्या वर गेले तर कागदावरचं त्या स्लाइडचं वाक्य फार लांब आहे. ते कापा आणि पुन्हा बोलून बघा.