दीड वर्षाची एसआयपी, मग शॉर्ट टर्म कुठून आलं?

प्रश्न: पहिल्यांदाच रिटर्न भरतोय. जून २०२४ पासून एका इक्विटी फंडात दर महिन्याच्या ५ तारखेला १०,००० ची एसआयपी होती, १० डिसेंबर २०२५ ला सगळे पैसे एकदम काढले. कॅपिटल गेन स्टेटमेंटमध्ये शॉर्ट टर्म ७,२०० आणि लाँग टर्म ८,४०० दिसतंय. दीड वर्ष होऊन गेलं होतं, मग शॉर्ट टर्म कसं? आणि हे दाखवायचं कुठे?

उत्तर:

शेवटच्या बारा हप्त्यांमुळे. स्टेटमेंट बरोबर आहे. तुम्हाला "दीड वर्ष झालं म्हणजे सगळं लाँग टर्म" असं कोणी सांगितलं असेल, तर तो माणूस आमच्या दाजींसारखा आहे.

दाजी म्हणजे ताईचे मिस्टर. आमच्याकडे पैशांच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा. मी एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये सगळे घाबरलेले असताना, ५,००० ची एसआयपी सुरू केली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सगळी मोडली. अठरा हप्ते झाले होते. रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा दाजी जेवता जेवता म्हणाले, "अगं, दीड वर्ष झालंय ना? लाँग टर्म. लाखाच्या आत आहे. शून्य टॅक्स. आयटीआर-१ भर आणि मोकळी हो." मी मोकळी झाले. डिसेंबरात आयकर खात्याचा मेसेज आला की तुमचं रिटर्न आणि आमच्याकडची माहिती जुळत नाही. एआयएस, म्हणजे खात्याकडे आपल्या व्यवहारांची जी यादी असते ती, उघडलं तर त्यात फंडाची विक्री ठळक दिसत होती, आणि माझ्या रिटर्नमध्ये त्याचा पत्ताच नाही.

मग मी पहिल्यांदा ते स्टेटमेंट एक्सेलमध्ये उघडून ओळ न ओळ वाचलं. तुम्हीही तेच करा. पहिल्या पानावरच्या बेरजा बघून काही कळत नाही. खाली तपशिलात जा. तुम्ही पैसे काढलेत एकदाच, पण ओळी एकोणीस असतील, कारण हप्ते एकोणीस गेलेत. प्रत्येक ओळीत दोन तारखा असतात, युनिट मिळाल्याची आणि युनिट विकल्याची. विकल्याची तारीख सगळीकडे तीच, १० डिसेंबर २०२५. मिळाल्याची तारीख मात्र प्रत्येक ओळीत वेगळी. एसआयपी कधी सुरू झाली याला इथे काडीची किंमत नाही. प्रत्येक हप्ता म्हणजे स्वतंत्र खरेदी, आणि तिचं वर्ष त्या दिवसापासून मोजायचं.

इक्विटी फंडात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेलं युनिट लाँग टर्म. आता तुमच्या यादीत बोट ठेवून खाली या. ५ डिसेंबर २०२४ चा हप्ता विक्रीच्या दिवशी ३७० दिवसांचा होता, म्हणून लाँग टर्म. त्याच्या खालची ओळ बघा, तारीख बहुधा ६ जानेवारी २०२५ असेल. ५ ला रविवार होता, त्यामुळे युनिट सोमवारी मिळाले असणार. ते ३३८ दिवसांचे, म्हणून शॉर्ट टर्म. तुमची रेघ या दोन ओळींच्या मधून जाते. वर सात हप्ते, ७०,००० घातले, ७८,४०० आले, नफा ८,४००. खाली बारा हप्ते, १,२०,००० घातले, १,२७,२०० आले, नफा ७,२००. (खरेदीच्या रकमा १०,००० ऐवजी ९,९९९.५० दिसल्या तर घाबरू नका, ती पन्नास पैशांची स्टॅम्प ड्यूटी आहे. मी गोल आकडे धरलेत.)

हे मी दाजींना दाखवलं तेव्हा त्यांचं म्हणणं, "एवढं बारीक कोण बघतं? एसआयपी एकच आहे ना?" एसआयपी एक आहे हो, पण ती नुसती सूचना आहे बँकेला, दर महिन्याला पैसे काढ म्हणून. आवर्ती ठेवीसारखं तिला एकच सुरुवात आणि एकच मुदत नसते. दाजींच्या डोक्यात आवर्ती ठेव होती, आणि माझा अंदाज आहे की बहुतेकांच्या डोक्यात तीच असते.

आता ज्याचा मला खरा राग आहे ते सांगते. युनिट विकताना आधी घेतलेले आधी जातात, असा नियम आहे. म्हणजे तुम्हाला डिसेंबरात ७५,००० चीच गरज असती आणि तेवढेच काढले असते, तर ते सगळे वरच्या सात हप्त्यांतून गेले असते. सगळं लाँग टर्म, टॅक्स शून्य, शॉर्ट टर्मची एक ओळही नाही. उरलेले हप्ते एकेक करून वर्षाचे होत गेले असते. मला ऑपरेशनसाठी सगळे लागले नव्हते. निम्म्याहून जास्त नंतर बचत खात्यात पडून राहिले. "अर्धवट काय ठेवतेस, पूर्ण मोड" हा सल्लाही दाजींचाच. त्यावेळी शॉर्ट टर्मचा दर १५ टक्के होता. बारा हप्त्यांवर ११,००० नफा, म्हणजे १,६५० टॅक्स आणि ४ टक्के सेस धरून १,७१६ रुपये, वर थोडं व्याज. दाजी आजही म्हणतात, "सतराशे रुपयांसाठी किती बोलशील?" प्रश्न सतराशेचा नाहीच. ३१ डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्न भरायला मी दोन रविवार घालवले त्याचा आहे.

तुमचा हिशोब. २३ जुलै २०२४ पासून इक्विटी फंडाच्या शॉर्ट टर्मवर २० टक्के, आणि लाँग टर्मवर वर्षाला सव्वा लाखापर्यंत काही नाही, त्यावरच्या नफ्यावर १२.५ टक्के. तुमचे ८,४०० सव्वा लाखाच्या कितीतरी आत आहेत, त्यावर टॅक्स नाही. पण दाखवायचे आहेतच. टॅक्स नाही म्हणून लिहायचंच नाही, ही माझीच चूक होती, ती दाजींच्या माथी मारत नाही. ७,२०० वर २० टक्के म्हणजे १,४४०, सेस धरून साधारण १,४९८. पगार बारा लाखांच्या आत आहे आणि नव्या पद्धतीत सूट मिळून टॅक्स शून्य होतो, तरी हे १,४९८ सुटत नाहीत, ती सूट या नफ्याला लागत नाही. अपवाद एकच. तुमचं बाकीचं उत्पन्न चार लाखांच्याही खाली असेल, तर जेवढी जागा उरली असेल तेवढा नफा त्यात बसतो.

फॉर्म आयटीआर-२. सध्या आयटीआर-१ मध्येही सव्वा लाखापर्यंतचा लाँग टर्म नफा दाखवता येतो. ही सोय आल्यावर दाजींनी मला मुद्दाम फोन केला, "बघ, मी म्हणत होतो ना, आयटीआर-१!" दाजी, ती सोय फक्त लाँग टर्मला आहे. शॉर्ट टर्मचा एक रुपया असला तरी आयटीआर-१ बाद. तुमच्याकडे ७,२०० आहेत, त्यामुळे विषय संपला.

आयटीआर-२ मध्ये शॉर्ट टर्म `Schedule CG` मध्ये कलम १११ए च्या ओळीत जातं. विक्री १,२७,२०० आणि खरेदी १,२०,००० असे दोन्ही आकडे लिहा, नुसता नफा नाही. लाँग टर्म `Schedule 112A` मध्ये. तुमची सगळी खरेदी ३१ जानेवारी २०१८ नंतरची आहे, म्हणून प्रत्येक ओळ वेगळी भरायची भानगड नाही, एकत्रित एकच नोंद चालते. शेवटी एक तक्ता येतो, नफा वर्षाच्या कोणत्या टप्प्यात झाला याचा. तिथे लोक सगळं पहिल्या रकान्यात टाकतात आणि मग अॅडव्हान्स टॅक्सवरचं व्याज उगाच वाढतं. १० डिसेंबर हे १६ सप्टेंबर ते १५ डिसेंबर या रकान्यात येतं.

स्टेटमेंटमध्ये लाँग टर्मचे दोन रकाने दिसतील, `Long Term With Index` आणि `Long Term Without Index`. तुम्ही `Without Index` घ्या. दोन्हींची बेरीज करू नका. हे मी का सांगतेय ते विचारू नका. आणि बँकेत जमा झालेली रक्कम स्टेटमेंटपेक्षा दोन रुपयांनी कमी दिसली तर तो एसटीटी, म्हणजे विक्रीच्या व्यवहारावरचा कर आहे, तो खर्च म्हणून नफ्यातून वजा होत नाही.

हे आधी सांगायला हवं होतं, पण राहिलं. वरचं सगळं इक्विटी फंडाचं आहे. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेला डेट फंड असेल तर तो कितीही वर्षं ठेवा, नफा शॉर्ट टर्मच धरतात आणि तुमच्या स्लॅबने टॅक्स लागतो. स्टेटमेंटमध्ये तोही शॉर्ट टर्मच्या रकान्यात बसलेला असतो, त्याला या ७,२०० मध्ये मिसळून २० टक्के लावू नका. दुसरं, एका योजनेतून दुसऱ्या योजनेत स्विच केलं असेल, अगदी त्याच फंडाच्या रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये, तरी ती विक्रीच. बँकेत रुपयाही येत नाही म्हणून लक्षात राहत नाही, आणि नवीन युनिटांचं वर्ष परत शून्यापासून सुरू होतं. हे मला दाजींनी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

तिसरं, एकाच ठिकाणचं स्टेटमेंट पुरत नाही. फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या दोन कंपन्या आहेत, काही फंड घराण्यांचं कॅम्सकडे असतं, काहींचं केफिनटेककडे. दोन्हीकडून पॅन टाकून मागवा आणि विक्रीची बेरीज एआयएसशी ताडून बघा. जुळली नाही तर बहुधा एक फोलिओ राहिलाय.