मालकांना काय विचारायचं आणि स्वतः काय पाहायचं

प्रिय मुली,

फ्लॅट तुला आवडलाय, हे फोनवरच्या आवाजावरूनच कळलं. पण मालकांना तू जे विचारलंस ते ऐकल्यापासून मला राहवत नाही, म्हणून लिहायला बसले. ‘शाळा जवळ आहे का, बस मिळते का, रात्री सेफ आहे ना?’ असं विचारलं की तिन्हींचं उत्तर ‘हो हो, काही काळजी करू नका’ असंच येतं. यात मालक खोटं बोलतात असं मुळीच नाही. ते तिथे राहत नाहीत, त्यांची मुलं मोठी झाली आणि ते स्वतःच्या गाडीने फिरतात, असं तूच सांगितलंस. मग ‘स्टॉप पाच मिनिटांवर’ हे त्यांचं उत्तर गाडीवरचं असणार. ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने पाच मिनिटांत अडीच किलोमीटर होतात. तेच अंतर तू मिनिटाला ऐंशी मीटर चाललीस तर अर्धा तास लागेल, आणि पोरीचं बोट धरून त्याहून जास्त. म्हणून मिनिटं विचारू नकोस, स्टॉपचं नाव विचार. अंतर तू नकाशावर मोज.

त्यांना आज एक मेसेज पाठव. फोनवर बोलणं झालं तरी लेखी हवंच, कारण लिहिताना माणूस थोडा विचार करून सांगतो. साधारण असं लिही: ‘मी रोज रात्री साडेनऊच्या सुमारास घरी पोचेन. गेट किती वाजता बंद होतं? त्यानंतर कुलूप कोण उघडतं? वॉचमन रात्रभर असतो का? जिन्यातला दिवा कोण लावतं? आधीच्या भाडेकरूंपैकी कोणी उशिरा येणारं होतं का, आणि त्यांच्याशी बोलता येईल का?’ यातलं प्रत्येक उत्तर एक तर मालकांना माहीत असतं किंवा ते सोसायटीत विचारून सांगू शकतात. शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. आधीचा भाडेकरू आता निघून गेलेला असतो, त्याला काही झाकायचं नसतं.

शेवटच्या बसबद्दल मात्र त्यांच्यावर विसंबू नकोस. मी एकदा फसले आहे. ‘शेवटची बस दहाला’ असं मला सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. पण दहाला ती आमच्या स्टॉपवरून उलट दिशेने, शहराकडे जायची. मला घरी आणणारी शेवटची बस नऊ दहालाच सुटायची. तुझं काम साडेआठला संपतं आणि स्टॉपवर यायला दहा मिनिटं लागतात. बस दर अर्ध्या तासाने असेल आणि आठ चाळीसची समोरून निघून गेली, तर पुढची नऊ दहाची. तीच शेवटची असेल, तर काम पाऊण तास लांबलेल्या दिवशी घरी कशी येणार, हे आजच ठरवावं लागेल. चालक किंवा वाहकाला विचार: ‘माझ्या ऑफिसकडून इकडे येणारी शेवटची गाडी किती वाजता, आणि रविवारी?’

शाळेचं अंतर हा सोपा भाग आहे. अवघड आहे ती जागा. शेजारी शाळा आहे म्हणजे पहिलीत प्रवेश मिळेलच असं नाही, म्हणून टोकन देण्याआधी शाळेच्याच ऑफिसात जाऊन विचार. स्कूल बस गल्लीत येते की मुलांना मोठ्या रस्त्यावर उतरवते, हेही तिथेच कळेल. रस्ता ओलांडून उतरवत असेल, तर दुपारी पोरीला घ्यायला कोणी लागेल, आणि तेव्हा तू कामावर असशील. बऱ्याच शाळा पत्त्याचा पुरावा मागतात, तेव्हा करारनामा कोणत्या तारखेपर्यंत हातात येईल, एवढं मालकांना विचारून ठेव.

आणि आता तुला टाळावंसं वाटेल असं एक काम. दिवसा पाहिलेला रस्ता रात्री वेगळाच असतो. कामाच्या दिवशी ऑफिस सुटल्यावर, नेहमीच्याच वेळी, तुला घरी आणेल ती बस पकडून त्या स्टॉपवर उतर आणि फ्लॅटपर्यंत चालत जा. सोबत कोणाला तरी ने, पण मोबाइलचा टॉर्च लावू नकोस. समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा किती लांबून ओळखता येतो ते पाहा. दिवा खांबावर असतो, पण झाडाच्या फांद्यांनी झाकलेला असतो, आणि उजेड पडतो तो पानांवर. वाटेत उघडं दुकान किंवा दवाखाना कुठवर आहे, आणि त्यानंतर नुसती भिंत किती वेळ लागते, ते घड्याळात बघ. दोन मिनिटं असेल तर चालेल. सात-आठ मिनिटं असेल तर मी तरी तो फ्लॅट घेणार नाही.

जिन्यातला दिवा नसेल तर तो बसवून देण्याचं मालकांकडून चावी घेण्याआधीच कबूल करून घे, लेखी. गल्लीतला दिवा त्यांच्या हातात नाही, जिन्यातल्याची सोय मात्र ते करू शकतात. शुक्रवारी जाऊन आलीस की फोन कर, मी जागी असेन.

तुझी,
मावशी