एफडीचं व्याज आरडीत फिरवलं तर खरंच जास्त मिळतं का?

"मी ६१ वर्षांचा, रेल्वेतून निवृत्त, मुक्काम मिरज. पेन्शन ३१ हजार, घरखर्च ३६ हजारांच्या आसपास. हातात २४ लाख आहेत. बँकेतला ओळखीचा मुलगा म्हणतो, सगळ्याची एफडी करा, महिन्याचं व्याज आरडीत टाका, म्हणजे व्याजावर व्याज सुटेल. मुलगी नुकतीच पुण्यात नोकरीला लागली आहे. ती महिना पाच हजार बाजूला टाकू शकते, पण म्हणते की आरडीत व्याज निम्मंच मिळतं. आम्ही दोघांनी काय करावं?"

आधी मुलीच्या शंकेचं बघू, कारण तुमचं उत्तरही तिथूनच निघतं.

हिशेबाला सोपं जावं म्हणून सगळीकडे ७ टक्के दर धरतो. महिना ५,००० ची एक वर्षाची आरडी केली तर वर्षात ६०,००० भरले जातात आणि हातात साधारण ६२,३१० येतात. म्हणजे व्याज २,३१०. तेच ६०,००० पहिल्याच दिवशी एफडीत ठेवले असते तर व्याज ४,३१२ झालं असतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की आरडी निम्मं देते असंच वाटतं. पण आरडीचा पहिला हप्ता बँकेकडे बारा महिने राहतो, दुसरा अकरा आणि शेवटचा जेमतेम एक महिना. सरासरी काढली तर तिचा प्रत्येक रुपया साडेसहा महिनेच बँकेत होता. दर तोच, मुदत निम्मी, म्हणून व्याजही निम्मं. आणि पहिल्या दिवशी तिच्याकडे साठ हजार नव्हतेच, त्यामुळे ४,३१२ हा आकडा तिच्यासाठी नाहीच.

तिच्यापुढचा खरा पर्याय वेगळा आहे. दर महिन्याला पाच हजारांची एक सुटी एफडी करायची, की आरडी? इथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आरडी उघडताना जो दर लागतो तोच शेवटच्या हप्त्यापर्यंत राहतो. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला आणि त्यामागे बँकांचे ठेवींचे दरही उतरले. त्या वर्षाच्या सुरुवातीला आरडी उघडणाऱ्याचा डिसेंबरचा हप्तासुद्धा जानेवारीच्याच दराने वाढला. दर महिन्याला सुटी एफडी करणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी त्या दिवशीचा दर घ्यावा लागला. दर चढत असतील तेव्हा हेच उलटं होतं आणि आरडीवाला जुन्या दरात अडकतो. दर कुठे जातील हे मी सांगू शकत नाही, म्हणून तिला पाच वर्षांची नको, एक वर्षाचीच आरडी करू द्या. वर्ष संपलं की त्या ६२ हजारांची एफडी करायची आणि नवी आरडी सुरू करायची.

हप्त्याची तारीख मात्र तिने नीट निवडावी. पगार एक तारखेला होतो म्हणून दोन तारीख देतात, पगार एखाद्या महिन्यात पाचला येतो आणि हप्ता चुकतो. चुकलेल्या हप्त्यावर दंड लागतो. तो मोठा नसतो, पण दोन-तीन हप्ते चुकले की माणूस आरडी मोडूनच टाकतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. दहा तारीख ठेवा.

आता तुमची २४ लाखांची फिरवाफिरव. बँका एफडीवर व्याज तिमाही चक्रवाढीने धरतात. व्याज न काढता वर्षभर ठेवलं तर २४ लाखांवर १,७२,४६२ रुपये होतात. तेच महिन्याच्या महिन्याला मागितलं तर तुम्हाला १४,००० मिळतील असं वाटेल, पण खात्यात १३,९१९ जमा होतात. तिमाही संपण्याआधीच व्याज हातात देते म्हणून बँक ते थोडं कापून देते. हे १३,९१९ दर महिन्याला ७ टक्क्यांनीच वाढवले तर वर्षअखेरीस किती होतात? पुन्हा १,७२,४६२ च. व्याजावर व्याज मिळतं हे खरं आहे, पण ते संचयी एफडीत आधीपासून मिळतच होतं. आरडीचा दर एफडीपेक्षा कमी असेल तर उलट तोटाच. करातही सुटका नाही, कारण आरडीचं व्याजही टीडीएसच्या हिशेबात धरतात. एका बँकेतलं वर्षाचं व्याज एक लाखावर गेलं की ज्येष्ठांचाही टीडीएस कापला जातो. तुमच्या उत्पन्नावर नव्या करपद्धतीत कर बसत नाही, तेव्हा दर एप्रिलमध्ये बँकेत घोषणापत्र (ज्याला सगळे १५एच म्हणतात) न विसरता द्या.

या फिरवाफिरवीचा एक उपयोग मात्र आहे. व्याजाची रक्कम वेगळ्या खात्यात जमते, त्यामुळे गरज पडली तर मुद्दलाला हात न लावता आरडी मोडता येते. पण तुमच्या बाबतीत महिन्याला पाच हजार कमी पडतायत. सगळं व्याज आरडीत अडकवलं तर ते पाच हजार आणणार कुठून?

मी तुमच्या जागी असतो तर आधी ती तूट भरून काढली असती. साठी ओलांडल्यामुळे ज्येष्ठ नागरिक बचत योजना तुम्हाला खुली आहे. तिचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. खातं उघडण्याआधी चालू तिमाहीचा दर पोस्टात विचारून घ्या, कारण उघडताना जो असेल तोच पाच वर्षं राहतो. ८.२ ने ८ लाखांवर तिमाहीला १६,४०० येतात, म्हणजे महिन्याला साधारण ५,४६७. तूट भागली.

उरलेल्या १६ लाखांची एकच पावती करू नका. दीड लाखाची गरज पडली आणि बँक अंशतः काढू देत नसेल तर सगळी एफडी मोडावी लागते. मग जितके दिवस पैसे राहिले त्या मुदतीचा दर लागतो आणि वर बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक टक्का दंड. त्यापेक्षा चार-चार लाखांच्या चार पावत्या करा, सहा महिने, एक, दोन आणि तीन वर्षांच्या. सगळ्या संचयी. पहिली सुटली की ती तीन वर्षांसाठी पुढे ठेवा. मोडायची वेळ आलीच तर एकच मोडेल.

यातली एखादी पावती सहकारी बँकेत करणार असाल तर एका बँकेत एकच करा. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेतल्या एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच आहे, आणि त्यात बचत खातं, एफडी, आरडी, वर त्यांचं व्याज असं सगळं मिळून धरतात. ४ लाख ७ टक्क्यांनी तीन वर्षांत ४,९२,५७६ होतात, म्हणजे जेमतेम आत बसतात. पतसंस्थेच्या ठेवींना हा विमा नाही. तिथला एक-दीड टक्का जादा व्याजाचा फलक मी तुम्हाला सुचवणार नाही.

त्या ओळखीच्या मुलाकडून सही करण्याआधी दोन आकडे कागदावर लिहून घ्या: २४ लाखांवर दरमहा नेमकी किती रुपये जमा होतील, आणि तेच संचयी ठेवले तर वर्षअखेरीस किती मिळतील. दरमहाच्या आकड्याला बारांनी गुणून दुसऱ्यातून वजा केलं की आरडीत फिरवून फार तर किती सुटणार ते दिसेल. सात टक्क्यांना ते साडेपाच हजारांच्या आत आहे, आणि संचयी पावतीत ते काहीही न फिरवता मिळतं.